सिस्टरच्या बोटांना लागलेली गाठ

एकसष्ट वर्षांच्या एक काकू चक्कर येऊन पडल्या म्हणून वॉर्डात दाखल होतात. अकरा वर्षांचा टाइप २ मधुमेह, दोन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन. केसपेपरवर डॉक्टरांचं निदान एका ओळीत संपतं. साखर मोजायच्या वहीत मात्र कोडं आहे: सकाळी उपाशीपोटी २६०, दुसऱ्या दिवशी २४०, मग एका दुपारी एकदम ५८. "डोस एकदाही चुकवला नाही हो," असं काकू शपथेवर सांगतात, आणि ते खरंही आहे. हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण अशी वही कुठल्याही वॉर्डात सापडेल.

नर्सिंगची काळजी-योजना अशा ठिकाणी कामाला येते. तिची सुरुवात माहिती गोळा करण्यापासून होते. वजन, रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, पावलांना स्पर्श कळतो का हे पाहणारा नायलॉनचा धागा, हे सगळं त्यात येतंच. पण चांगली सिस्टर प्रश्न विचारून थांबत नाही. "काकू, घरी घेता तसं इंजेक्शन मला घेऊन दाखवता?" असं म्हणते. काकूंचा हात न पाहताच बेंबीच्या उजवीकडे जातो. सिस्टर तिथे बोटं फिरवते. कातडीखाली लिंबाएवढा, रबरासारखा मऊ-घट्ट उंचवटा लागतो. रोज त्याच जागी सुई टोचल्यामुळे तिथली चरबी वाढली आहे. त्या जागी टोचलं की दुखत नाही, म्हणून काकूंना ती आवडते. पण तिथून इन्सुलिन कधी रेंगाळत रक्तात उतरतं, तर कधी अवचित भराभर. डोस तोच, साखर मात्र वर-खाली.

दुसरी गोष्ट गप्पांतून निघते. काकूंचा गुरुवारचा उपवास असतो. सकाळी इंजेक्शन नेहमीचं, पोटात फक्त चहा, साबुदाण्याची खिचडी थेट दुपारी दोनला. वहीतला ५८चा आकडा गुरुवारचाच आहे.

आता नर्सिंगचं निदान. आजाराचं नाव डॉक्टरांनी दिलेलंच आहे. सिस्टर लिहिते ती त्या आजारामुळे या माणसापुढे उभी राहिलेली अडचण आणि तिचं कारण: 'एकाच जागी इंजेक्शन घेण्यामुळे व उपवासाच्या दिवशी डोस आणि जेवण यांचा मेळ नसल्यामुळे रक्तातील साखर अस्थिर होण्याचा धोका.' या वाक्यात कारण आलं नाही तर पुढची सगळी योजना कुणालाही चालणारी, म्हणजे कुणाच्याच कामाची नाही, असं माझं मत आहे. 'पथ्याचे महत्त्व समजावले' ही ओळ मी बऱ्याच योजनांत वाचली आहे. तिच्यावरून काय समजावलं आणि रुग्णाला काय उमगलं, काहीच कळत नाही.

म्हणून उद्दिष्टंही मोजता येतील अशी हवीत. दाखल असताना साखर साधारण १४० ते १८० राहावी, ७०च्या खाली एकदाही जाऊ नये. घरी जाण्याआधी काकूंनी गाठ स्वतः चाचपून, ती टाळून, सलग तीन इंजेक्शनं न सांगता नीट घ्यावीत. साखर उतरल्याच्या तीन खुणा आणि त्यावरचा उपाय त्यांनी आपल्या शब्दांत सांगावा.

उपायांतला पहिला फोन डॉक्टरांना जातो, आणि हे टाळलं तर घोटाळा होतो. गाठीतून इन्सुलिन नीट मिळत नव्हतं म्हणून डोस वाढत गेलेला असतो. तोच डोस चांगल्या जागी दिला तर साखर धाडकन खाली येते. डोस किती कमी करायचा ते डॉक्टर ठरवतात. सिस्टर गाठीभोवती पेनाने रेघ मारते, पोटाचे चार भाग करते, दर आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक टोचणीत बोटभर अंतर. सुई दर वेळी नवी.

हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, धडधडलं, तर आधी साखर मोजायची. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. त्यानंतर पोळी किंवा भात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

तिसऱ्या दिवशी पडताळणी होते. उपाशीपोटी साखर १५२. इंजेक्शनं तीनपैकी दोन बरोबर. तिसऱ्या वेळी हात सवयीने पुन्हा रेघेच्या आत गेला. सिस्टर 'उद्दिष्ट अंशतः साध्य' लिहिते आणि काकूंच्या सुनेला संध्याकाळच्या इंजेक्शनच्या वेळी बोलावून घेते. उपवास सोडायला काकू तयार नाहीत. मग योजनेत आणखी एक ओळ येते: गुरुवारचा डोस आणि खिचडीची वेळ, सुट्टी होण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घेणे.