रोजा : पहाटेच्या धाग्यापासून सूर्यास्तापर्यंत

पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्याहून निराळा दिसू लागेपर्यंत खावे-प्यावे आणि मग रात्र होईतो उपवास पाळावा, अशी कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील 187 व्या आयतीची आज्ञा असल्यामुळे, सूर्योदयाच्या सुमारे सव्वा तास आधी क्षितिजावर आडवा उजेड पसरताच सहरीची मुदत संपते. तो धागा अर्थातच सुताचा नव्हे, प्रकाशाचा. सूर्य बुडाला की रात्र लागली. म्हणूनच मुंबईपेक्षा सुमारे दहा मिनिटे आधी सूर्य मावळणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात मुंबईचे वेळापत्रक कामाचे नाही.

आजारी व प्रवासी यांना मिळते ती सवलत, माफी नव्हे. चुकलेले रोजे पुढे भरून द्यावे लागतात. हनफी मताप्रमाणे प्रवास सुमारे 78 किलोमीटरांचा हवा, त्यामुळे छत्रपती संभाजीनगराहून जालन्यास जाणारा या सवलतीत बसत नाही. अहिल्यानगरास जाणारा बसतो, परंतु पहाट होताना तो घरीच असेल तर त्या दिवसाचा रोजा त्याने पाळावाच. गर्भवती वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीला अपायाची भीती असल्यास तिलाही रोजा पुढे ढकलता येतो. बरे होण्याची आशाच नसलेल्या रुग्णाने व जराजर्जर वृद्धाने मात्र दर रोज्यामागे एका गरिबास दोन वेळचे जेवण द्यावयाचे असते. त्यास फिदिया म्हणतात.