सोसायटीची प्रश्नांची यादी लावताना

बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांच्या ऑफिसात ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ अशा नावाची एक फाइल असते. कुणा सेक्रेटरीने ती हौसेने सुरू केलेली असते. पुढे कोणी काही विचारलं की उत्तर टाइप करून शेवटी जोडायचं, एवढाच तिचा नियम. सेक्रेटरी बदलतात, फाइल वाढत राहते. पुण्यातल्या एका सोसायटीची अशी यादी मी नव्याने लावून दिली. तिच्यात सत्तरेक प्रश्न होते. ज्या क्रमाने लोकांनी विचारले त्या क्रमाने ते पडले होते, आणि त्या क्रमाचा यादी उघडणाऱ्याला काडीचाही उपयोग नव्हता.

पहिलं काम कात्रीचं. यादी छापून घ्यायची आणि प्रत्येक प्रश्न कापून वेगळ्या चिठ्ठीवर चिकटवायचा. कॉम्प्युटरवरही हे करता येतं, पण मोठ्या टेबलावर सगळ्या चिठ्ठ्या एका नजरेत दिसतात. कापतानाच कळतं की एकाच प्रश्नाच्या पोटात दोन-तीन प्रश्न दडलेले आहेत. ‘फ्लॅट विकायचा असल्यास एनओसी लागते का, फी किती व शेअर सर्टिफिकेटवर नाव कधी चढते?’ या एका ओळीच्या तीन चिठ्ठ्या झाल्या.

उलटा प्रकारही सापडतो. फ्लॅट हस्तांतरणाला किती पैसे लागतात, हे आमच्या यादीत दोन ठिकाणी होतं. एका उत्तरात 500 रुपये, दुसऱ्यात 25,000. पाहताक्षणी वाटतं, एक उत्तर जुनं झालंय, ते काढून टाकावं. पण दोन्ही बरोबर होती. 500 रुपये हे हस्तांतरण शुल्क आणि 25,000 ही महापालिका क्षेत्रात सोसायटीला घेता येणाऱ्या प्रीमियमची कमाल मर्यादा. एकच उत्तर वाचून गेलेला सभासद मात्र ऑफिसात येऊन भांडणार हे नक्की. म्हणून सारख्या दिसणाऱ्या चिठ्ठ्या आधी शेजारी ठेवून वाचायच्या. फेकायचं काय ते मग ठरवायचं.

मग गट पाडायचे. इथे कमिटीचं आणि माझं जमेना. त्यांनी केलेले गट होते ‘हिशेब’, ‘कायदेशीर’, ‘देखभाल’, ‘प्रशासन’ आणि ‘इतर’. म्हणजे ऑफिसातली कपाटं जशी लावली आहेत, तसे. पण फ्लॅट विकायला निघालेल्या माणसाची फी ‘हिशेब’मध्ये, अर्ज ‘प्रशासन’मध्ये आणि एनओसी ‘कायदेशीर’मध्ये गेली. त्याच्या डोक्यात ही तीन कामं नसतात. त्याला फ्लॅट विकायचा असतो, बस्स. म्हणून विचारणाऱ्यावर कोणता प्रसंग आलाय, त्यावरून आम्ही गट केले: महिन्याचं बिल, फ्लॅट विकताना, भाड्याने देताना, सभासद वारल्यावर, घरात काम काढताना, गाडी आणि पार्किंग, सभा आणि निवडणूक. ‘इतर’ हा गट ठेवलाच नाही. तो ठेवला की कंटाळा आलेला माणूस उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या त्यातच टाकतो.

प्रश्नांची भाषा गट पडल्यावर सुधारावी, आधी नाही. एका गटातले प्रश्न एकाखाली एक आले की त्यांची विजोड ठेवण आपोआप डोळ्यांत खुपते. ‘भाडेकरूबाबत नियम’ हा प्रश्नच नाही, ते शीर्षक आहे. ‘सभासदाने पोटभाडेकरू ठेवल्यास सोसायटीस कळविणे बंधनकारक आहे किंवा कसे?’ ही परिपत्रकाची भाषा. आणि ‘आम्ही लिफ्ट वापरत नाही तरी पैसे का?’ ही तळमजल्यावरच्या काकांची तक्रार. आम्ही एकच चाल धरली. प्रश्न सभासदाच्या तोंडून यावा, त्यात एकच गोष्ट असावी आणि ऑफिसचा नव्हे तर रोजच्या बोलण्यातला शब्द असावा. ‘मी तळमजल्यावर राहतो, मला लिफ्टचा खर्च द्यावा लागतो का?’ ‘मला फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागते का?’ नकारार्थी प्रश्न तेवढे कटाक्षाने टाळले. ‘एनओसी लागत नाही का?’ याला ‘नाही’ म्हटलं, तर कोण काय समजेल याचा भरवसा नाही.

उत्तराचं पहिलंच वाक्य उत्तर असावं. जुन्या यादीत लिफ्टचं उत्तर उपविधींच्या उताऱ्याने सुरू होत होतं, आणि ‘हो’ कुठेतरी सातव्या ओळीत होतं. आता ते असं आहे: ‘हो. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांना तिचा खर्च सारखाच येतो, लिफ्ट वापरा किंवा न वापरा.’ काकांना ते पटलं नाही, पण समजलं.

थोडक्यात लिहिण्यातला धोका खरा इथेच आहे. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरच्या नॉन-ऑक्युपन्सीचं उत्तर कोणीतरी एका ओळीत बसवलं होतं: ‘मेंटेनन्सच्या 10 टक्के.’ सुटसुटीत, आणि चूक. ही 10 टक्क्यांची कमाल मर्यादा सेवाशुल्कावर आहे, सगळ्या बिलावर नाही. समजा बिल 4,000 रुपयांचं आहे आणि त्यात सेवाशुल्क 1,800, बाकीचा मालमत्ता कर, पाणी, दुरुस्ती निधी वगैरे. मग जास्तीत जास्त 180 रुपये घेता येतात. त्या एका ओळीच्या हिशेबाने 400 होतील. म्हणून काय गाळायचं याची आमची कसोटी अशी होती: जे गाळल्याने रक्कम किंवा ‘हो-नाही’ बदलतं, ते ठेवायचं. कलम क्रमांक, परिपत्रकाची तारीख, पार्श्वभूमी हे सगळं पुरवणीत गेलं.

काही उत्तरं मात्र आखूड होतच नाहीत. सभासद वारल्यावर नॉमिनी मालक होतो का, याला ‘नाही, मालकी वारसांची’ असं म्हणता येतं. पण नॉमिनीला मिळणारं तात्पुरतं सभासदत्व, मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र हे चार वाक्यांत कोंबलं तर घरातल्या भांडणाला नवं कारण मिळेल. तिथे पहिली दोन वाक्यं यादीत ठेवली आणि पुढचं वेगळ्या पानावर, कोणते कागद आणायचे ते लिहून.

यादी लावून झाली की कमिटीबाहेरच्या चार-पाच जणांना बसवून बघावं. त्यांना प्रश्न वाचून दाखवायचा नाही, प्रसंग सांगायचा, आणि बोट आधी कोणत्या गटावर जातं ते पाहायचं. एका बाईंना सांगितलं, ‘तुम्ही मुलाकडे राहायला चालला आहात, इथे तुमची लग्न झालेली मुलगी राहणार. सोसायटी जादा पैसे घेईल का?’ त्यांनी ‘महिन्याचं बिल’ चाळलं, ‘सभा’सुद्धा चाळली. ‘भाड्याने देताना’कडे त्या गेल्याच नाहीत. ‘मुलीकडून कोण भाडं घेतं?’ म्हणाल्या. उत्तर नेमकं तिथेच होतं: सभासदाच्या जवळच्या कुटुंबीयांना नॉन-ऑक्युपन्सी लागत नाही, आणि विवाहित मुलगी त्यात येते. त्या गटाचं नाव त्याच संध्याकाळी बदललं, ‘फ्लॅटमध्ये मी स्वतः राहत नसेन तर’.

पण एकच उत्तर दोन गटांत छापायचं नाही, हे पथ्य तेव्हाही पाळलं. ‘महिन्याचं बिल’मध्ये फक्त ‘पाहा’ म्हणून एक ओळ टाकली. उत्तर दोन जागी असलं की नियम बदलल्यावर एकीकडे सुधारलं जातं आणि दुसरीकडे राहून जातं; मग 500 आणि 25,000 सारखा घोळ पुन्हा सुरू. प्रत्येक उत्तराखाली ते शेवटचं कधी तपासलं तो महिना आणि वर्ष लिहिलं आहे. जुन्या नोटिसांमध्ये ‘प्रश्न क्र. 41 पाहावा’ असे उल्लेख होते, त्यामुळे जुने आणि नवे क्रमांक समोरासमोर दाखवणारा एक तक्ता फाइलच्या शेवटी लावून ठेवला.