एका खटल्याच्या चार ओळी

कायद्याच्या पहिल्या वर्षाला करार कायदा शिकताना लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त हा १९१३ सालचा खटला हमखास भेटतो. कानपूरच्या एका पेढीच्या मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला. मालकाने आपल्या मुनिमाला प्रवासखर्च देऊन त्याच्या शोधासाठी हरिद्वारला पाठवलं. मुनीम गेल्यावर मालकाने हस्तपत्रकं काढली आणि मुलगा शोधून देणाऱ्याला ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. मुलगा मुनिमालाच ऋषिकेशला सापडला. पुढे त्याने बक्षिसासाठी दावा लावला आणि तो अलाहाबाद उच्च न्यायालयात हरला.

अशी गोष्ट सांगितली की वर्गात चर्चा रंगते. मुनिमावर अन्याय झाला असं कुणाला वाटतं, पत्रक आधी वाचलं असतं तर काय, असं कुणी विचारतं, शिक्षक आपलं मत मांडतात. तास संपेपर्यंत वहीची दोन पानं भरतात. महिनाभराने ती उघडली की न्यायालयाचं म्हणणं कोणतं, शिक्षकांचं कोणतं आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीची शंका कोणती, हे ओळखू येत नाही. म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी, चर्चा कानांत आहे तोवर, या दोन पानांचं एक कार्ड करावं. वर खटल्याचं नाव, न्यायालय आणि वर्ष. खाली चार ओळी.

तथ्ये: मुनीम मालकाच्या सांगण्यावरून मुलाला शोधायला गेला, बक्षीस त्यानंतर जाहीर झालं, मुलगा त्याला सापडला.

वादमुद्दा: बक्षिसाचा प्रस्ताव माहीत नसताना शोध सुरू केलेल्या आणि शोधणं हेच ज्याचं काम होतं अशा नोकराला बक्षीस मागता येतं का?

निर्णय: नाही. दावा फेटाळला.

कारणे: (१) प्रस्ताव माहीत नसेल तर त्याचा स्वीकार होत नाही, आणि स्वीकाराविना करार नाही. (२) शोधण्याची जबाबदारी आधीच अंगावर होती. ती पार पाडणं हा नव्या वचनाचा मोबदला ठरत नाही.

हे कार्ड वाचायला अर्धं मिनिट लागतं, पण लिहिताना प्रत्येक ओळीला एक निर्णय घ्यावा लागतो. तथ्यांच्या ओळीची कसोटी अशी: ही गोष्ट वगळली तर निकाल बदलला असता का? मालकाने मुनिमाला नंतर थोडी रक्कम खुशीने दिली आणि साधारण सहा महिन्यांनी त्याची नोकरी सुटली, हे निकालपत्रात आहे. पण त्यावर निकाल अवलंबून नाही, म्हणून ते कार्डावर नको. घटनांचा क्रम मात्र हवाच, कारण मुनीम आधी निघाला आणि पत्रक मागून आलं यावरच सगळं उभं आहे. आणखी एक काळजी घ्यावी. मला पाठवतानाच बक्षिसाचं वचन दिलं होतं, असं मुनिमाचं म्हणणं होतं आणि न्यायालयाने ते मानलं नाही. पक्षकाराने सांगितलं म्हणून ते तथ्य होत नाही; न्यायालयाने सिद्ध मानलेलंच या ओळीत जातं.

वादमुद्दा बहुतेक कार्डांवर पसरट असतो. ‘करार झाला का?’ हा प्रश्न करार कायद्याच्या शंभर खटल्यांना लागू पडेल. ज्या तथ्यांवर वाद अडला ती प्रश्नातच आली पाहिजेत आणि उत्तर हो किंवा नाही असं देता आलं पाहिजे. मग निर्णयाची ओळ आपोआप छोटी होते. ती लांबायला लागली, तिच्यात ‘कारण’ हा शब्द आला, की समजावं, खालच्या ओळीचा मजकूर वर चढला आहे.

खरी मेहनत कारणांच्या ओळीवर करावी लागते. या खटल्याच्या बहुतेक कार्डांवर एकच कारण सापडतं: मुनिमाला बक्षिसाची माहिती नव्हती. वर्गात त्यावरच जास्त बोललं जातं. पण निकालपत्रात अशी नोंद आहे की काही हस्तपत्रकं नंतर मुनिमाकडे पाठवली गेली होती. एवढं वाचलं की एकट्या पहिल्या कारणावर भागत नाही आणि दुसऱ्याचं वजन कळतं. तो पगारी नोकर होता, शोधण्याचं काम त्याने बक्षिसाआधीच पत्करलं होतं. प्रस्तावातल्या अटी पार पाडणं म्हणजे स्वीकार, असं सांगणारं करार अधिनियमाचं कलम ८ मुनिमाने पुढे केलं होतं. न्यायालयाने ते इथे लागू केलं नाही. म्हणून तासाच्या टिपणावरून कार्ड केलं तरी कारणांची ओळ मूळ निकालपत्राशी ताडून पाहावी. हे निकालपत्र छोटं आहे, एका बैठकीत वाचून होतं.

शिक्षकांचं मत आणि वर्गातल्या शंका टाकून देऊ नयेत, पण त्यांची जागा कार्डाच्या मागे. तिथे पेन्सिलीने ‘शिक्षक’ किंवा ‘शंका’ असं लिहून त्या नोंदवाव्यात. पत्रक आधी वाचलं असतं तर काय, या शंकेजवळ तर दुसऱ्या खटल्याचं नाव लिहिता येतं. हरभजन लाल विरुद्ध हरचरण लाल या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्याच १९२५ मधल्या खटल्यातही हरवलेल्या मुलासाठी बक्षीस होतं. तिथे शोधणाऱ्याला ते माहीत होतं आणि तो कुणाचा नोकर नव्हता. त्याने मुलाला रेल्वे पोलिसांकडे नेलं, वडिलांना तार केली, आणि त्याला बक्षीस मिळालं. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली तर निकाल का बदलला हे तथ्यांच्या ओळींतूनच दिसलं पाहिजे. दिसत नसेल, तर एखादं गरजेचं तथ्य सुटलं आहे.

उजळणी करताना चारही ओळी वरून खाली वाचत गेलं तर सगळं येतं असं वाटत राहतं. त्याऐवजी फक्त तथ्ये उघडी ठेवावीत आणि वादमुद्दा स्वतः मांडून पाहावा. परीक्षेतल्या समस्याप्रधान प्रश्नात नेमकं हेच करायचं असतं: तिथे तथ्ये दिलेली असतात, मुद्दा आपण शोधायचा असतो. मग निर्णय सांगावा आणि शेवटी कारणं मोजून सांगावीत. निर्णय आठवतो पण दुसरं कारण आठवत नाही, असं झालं तर ते कार्ड दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात वर ठेवावं.

ही रीत सगळीकडे जशीच्या तशी चालत नाही. केशवानंद भारती खटल्यात १९७३ साली तेरा न्यायाधीश होते आणि निकाल सात विरुद्ध सहा असा लागला. बहुमतातल्या न्यायाधीशांनीही आपापली निकालपत्रं लिहिली, तेव्हा तिथे ‘न्यायालयाचं कारण’ अशी एक ओळ खरी ठरत नाही. अशा खटल्यात प्रत्येक वादमुद्द्याला वेगळं कार्ड करावं आणि प्रत्येक कारणापुढे ते मांडणाऱ्या न्यायाधीशाचं नाव लिहावं. न्यायालयाचं नावही याचसाठी वर हवं. लालमन शुक्लाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. तो तिथे केवळ त्याच्या कारणांच्या बळावर पटवून द्यावा लागेल. उत्तरपत्रिकेत गुण मिळतात तेही निकालाच्या नावापेक्षा या चौथ्या ओळीला.