गोठ्यातल्या म्हणी

मराठी म्हणींत वाघ, कोल्हा, कावळा, उंट असे सगळेच भेटतात, पण सर्वांत नेमकं बोलतात ती दावणीची जनावरं. वाघाची गाठ क्वचितच पडायची. गाय, म्हैस आणि बैल मात्र घरातच होते, त्यांच्या सवयी रोज डोळ्यांसमोर असायच्या. म्हणून या म्हणींच्या पोटात गोठ्यातला एखादा खरा अनुभव असतो. तो ठाऊक असला की म्हण कुठे वापरावी आणि कुठे आवरावी, हेही कळतं.

‘पाण्यात म्हैस, वर मोल’ ही म्हण घ्या. म्हशीचं कातडं काळं, घामाच्या ग्रंथी कमी. त्यामुळे उन्हाळ्यात ती तासन् तास डोहात बसते. बाहेर दिसतात फक्त शिंगं, तोंड आणि पाठीचा थोडा भाग. घेणाऱ्याला जे पाहायचं असतं ते नेमकं पाण्याखाली असतं. चाकणच्या किंवा सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात जाणता शेतकरी म्हशीचे दात पाहतो, तिला चालवून पाय बघतो, कास चाचपतो, चारही सडांतून धार येते का ते स्वतः पिळून पाहतो. एक सड जरी बंद निघाला तरी भाव उतरतो. डोहाच्या काठावर उभं राहून यातलं काहीच करता येत नाही, तरी सौदा मात्र जोरात चाललेला असतो.

आज ही म्हण सर्वांत चपखल बसते ती घरखरेदीत. इमारतीचा पाया अजून खणलेला नाही, हातात रंगीत माहितीपत्रक आहे आणि चर्चा चालली आहे ती चौरस फुटाच्या दराची. स्थळ पाहण्याआधीच मानपानाची बोलणी सुरू झाली, तर तिथेही घरातल्या वडीलधाऱ्यांनी ही म्हण जरूर काढावी. व्यवहार थांबवण्याची वेळ अजून गेलेली नसते, म्हणून ती उपयोगी पडते.

‘बैल गेला आणि झोपा केला’ ही मात्र वेळ गेल्यावरची म्हण. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचं कुडाचं दार. काठ्या, तुराट्या आणि दोरी एवढ्यावर ते अर्ध्या दिवसात होतं. बैल गेला तर पेरणीच अडते. एवढ्याशा कामाच्या आळसापायी एवढं मोठं नुकसान झालं, हा या म्हणीचा खरा सल आहे. पूल वाहून गेल्यावर त्याच्या तपासणीचे आदेश निघतात, तेव्हा वर्तमानपत्रांना हीच म्हण आठवते आणि ती योग्यच असते. पण चोरी झाल्यावर दुकानदार नवं कुलूप लावत असेल, तर त्याला ती ऐकवू नये. त्याच्या दुकानात अजून माल आहे. गोठ्यात दुसरा बैल उभा असेल, तर झोपा आजही करायलाच हवा.

सर्वांत जपून वापरायची म्हण म्हणजे ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’. दूध मिळतं म्हणून धार काढणारा लाथ सोसतो. यातला बोल गाईपेक्षा सोसणाऱ्याच्या गरजेवर आहे. सर्वांत मोठी मागणी देणारं गिऱ्हाईक तोंडाळ असतं आणि दुकानदार हसून ऐकून घेतो, तिथे ही म्हण बरोबर लागू पडते. मात्र गोठ्यातला माणूस आणखी एक गोष्ट जाणतो. शांत गाय एकाएकी लाथ मारू लागली, तर तिचे सड चिरलेले असतात किंवा कासेला सूज आलेली असते. तो आधी कास बघतो. कामाचा माणूस अचानक चिडचिड करू लागला, तर म्हण सांगून हसण्याआधी त्याची चौकशी करायला हवी. आणि मिळवत्या नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला कुणी ही म्हण ऐकवत असेल, तर तो क्रूरपणा आहे. तिथे तिला जागाच नाही.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला.’ ढवळा पांढरा, पवळा तांबूस. शेजारी बांधल्याने रंग बदलत नाही, पण खोड मात्र उचलली जाते. एक बैल दावं तोडायला शिकला की शेजारचाही ओढ घेऊ लागतो. वाईट संगतीसाठी ही म्हण ठरूनच गेली आहे. परीक्षेच्या तोंडावर मुलगा टवाळ मित्रांत रमला की आजी हमखास ती म्हणते.

पण शेतकरी याच सवयीचा उलटा उपयोगही करतो. नव्या खोंडाला जुवाखाली आणताना त्याच्या जोडीला मुरलेला, शांत बैल देतो. सुरुवातीला खोंड बिचकतो, मागे सरतो. मग जोडीदाराच्या चालीने चालायला लागतो. कारखान्यात नव्या पोराला जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली देतात, तेही असंच. तेव्हा हीच म्हण कौतुकानेही म्हणता येते, फक्त म्हणणाऱ्याच्या आवाजात टोमणा नसावा.