पोपट शोधणाऱ्या डॉक्टरचं दुःख

ज्युलियन बार्न्स या इंग्रज लेखकाची ‘फ्लोबेर्स पॅरट’ ही कादंबरी १९८४ साली आली आणि त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत पोहोचली. चाळून पाहणाऱ्याला ती कादंबरी वाटतच नाही. तिच्या पंधरा प्रकरणांत एक सनावळी आहे, एक प्राणिसूची आहे, एक शब्दकोश आहे आणि चक्क एक प्रश्नपत्रिकाही आहे. दुसऱ्यांच्या लेखनप्रकारांची आणि शैलींची अशी उसनवारी करून रचना करण्याला समीक्षक ‘पॅस्टिश’ म्हणतात. उत्तर-आधुनिक कादंबरीची ही एक ठळक खूण. योगायोग असा, की त्याच वर्षी फ्रेडरिक जेमसन या अमेरिकन समीक्षकाने एका गाजलेल्या निबंधात पॅस्टिशला पोकळ ठरवलं. विडंबनाला निदान काही म्हणायचं असतं, पॅस्टिश म्हणजे नुसता मुखवटा, असा त्याचा रोख होता. बार्न्सच्या कादंबरीला मात्र हा आक्षेप लागू पडत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

कथानक दोन वाक्यांत सांगता येतं. जेफ्री ब्रेथवेट हा निवृत्त इंग्रज डॉक्टर, गुस्ताव फ्लोबेर या फ्रेंच लेखकाने ‘साधं हृदय’ ही कथा लिहिताना टेबलावर ठेवलेला पेंढा भरलेला पोपट शोधतो आहे. रूआँ शहरातल्या एका संग्रहालयात तो सापडतो. पण जवळच्या क्रॉइसे गावातही तसाच एक निघतो आणि दोन्हीकडचे लोक आपलाच खरा म्हणतात.

आता दुसरं प्रकरण जवळून पाहू. त्यात फ्लोबेरच्या आयुष्याच्या तीन सनावळ्या एकापुढे एक दिल्या आहेत. पहिलीत १८२१ साली सुखवस्तू घरात जन्मलेला, कीर्ती आणि मित्र मिळवलेला, १८८० साली मानसन्मानात गेलेला लेखक दिसतो. दुसरीतही जन्म-मृत्यूची तीच सालं, पण मधे आप्तांचे मृत्यू, फेफऱ्याचे झटके, रोग आणि आर्थिक ओढाताण. तिसरीत घटनांऐवजी फ्लोबेरने स्वतःबद्दल वेळोवेळी लिहिलेली वाक्यं. यातली एकही सनावळी खोटी नाही. कोणत्या नोंदी ठेवायच्या आणि कोणत्या गाळायच्या, एवढ्यावरून एकाच माणसाचं आयुष्य सुखी किंवा दुःखी ठरतं, हे वाचक इथे प्रत्यक्ष अनुभवतो. सलग चरित्र लिहिलं असतं तर ही निवड झाकली गेली असती. तुकडे केल्यामुळेच ती उघडी पडली.

ब्रेथवेटला या प्रश्नाची इतकी निकड का, हे हळूहळू कळत जातं. त्याची बायको एलेन वारली आहे. तिचा विषय निघाला की तो अडखळतो आणि पुन्हा फ्लोबेरकडे वळतो. बारा प्रकरणं अशी टाळाटाळ चालते. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’त शार्ल हा गावातला साधा डॉक्टर आहे, त्याची बायको एमा व्यभिचार करते आणि शेवटी विष घेते. एलेननेही नवऱ्याशी प्रतारणा केली होती आणि आत्महत्येचा प्रयत्न केला होता. तिला जगवणारं यंत्र शेवटी डॉक्टर नवऱ्यानेच बंद केलं. पोपटाचा शोध आपल्याला विनोदी वाटत असताना हा माणूस खरं तर आपल्या बायकोला शोधत होता.

हे सारं तेराव्या प्रकरणात येतं, आणि त्या प्रकरणाची जागा मला फार महत्त्वाची वाटते. बाराव्यात शब्दकोश आहे. फ्लोबेरने लोकांच्या तोंडच्या ठरीव मतांचा एक उपरोधिक कोश तयार केला होता, त्याच धर्तीवर ब्रेथवेटने केलेला हा कोश. तयार शब्द किती सहज हाताशी येतात हे वाचून आपण पान उलटतो, तर समोर असा माणूस आहे ज्याच्या शोकाला एकही तयार शब्द पुरत नाही. लगेच चौदाव्यात प्रश्नपत्रिका. जे त्याला सांगता आलं ते सांगून झालं आणि तो पुन्हा परीक्षकाच्या कोरड्या भाषेमागे गेला. दोन मुखवट्यांच्या मधे क्षणभर चेहरा दिसतो. मुखवटे नसते तर हा संकोची माणूस बोललाच नसता.

सगळीच प्रकरणं एवढा भार पेलत नाहीत. प्राणिसूची मला बरीचशी हौसेची वाटते. ती उचलून दुसरीकडे ठेवली तरी फारसं बिघडत नाही. हीच कसोटी अशा कोणत्याही कादंबरीला लावता येते. तुकड्यांचा क्रम बदलून पाहावा. काहीच हरवलं नाही, तर तो नुसता खेळ होता. बारा, तेरा आणि चौदा या प्रकरणांचा क्रम बदलला, तर ब्रेथवेटचं टाळणं, बोलणं आणि पुन्हा गप्प होणं नाहीसं होतं, म्हणजे त्याचं दुःखच नाहीसं होतं. या कादंबरीचं गांभीर्य खेळाच्या आड दडलेलं नाही. ते त्या रचनेतच आहे.