रिकामी चौकट म्हणजे ‘नाही’ नव्हे

गावातल्या पाहणीचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. डावीकडे पंचवीस कुटुंबांची नावं आणि वर आठ रकाने: शौचालय, नळ, गॅस, रेशनकार्ड वगैरे. पाहणी करणारी ताई दारोदार जाऊन चौकटीत बरोबरची खूण किंवा फुली करते, संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढते आणि तो तालुक्याला पाठवते. तिथे त्या दोनशे चौकटींचं ‘होय’ आणि ‘नाही’ करायचं असतं. हे काम संगणकावर सोपवता येतं. मात्र तो काय बघतो आणि कुठे फसतो, हे ठाऊक असायला हवं.

पहिली अडचण फोटोचीच असते. कागद तिरका दिसतो, कडेला मुरडलेला असतो आणि त्यावर हाताची सावली पडलेली असते. म्हणून आधी तक्त्याचे चार कोपरे शोधून चित्र सरळ आयतात ओढून घ्यावं लागतं. मग शाई आणि कागद वेगळे करायचे. सगळ्या कागदाला काळ्या-पांढऱ्याची एकच सीमा लावली, तर सावलीतला कागदच शाई ठरतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणची सीमा आजूबाजूच्या उजेडावरून ठरवतात. ओपनसीव्ही या मोफत साधनात ही दोन्ही कामं तयार मिळतात.

त्यानंतर आडव्या-उभ्या रेघा शोधून चौकटी कापायच्या. इथे रेघा मोजायलाच हव्यात. पंचवीस ओळींना सव्वीस आडव्या रेघा लागतात, शीर्षकाची ओळ धरली तर सत्तावीस. एखादी पुसट रेघ सुटली आणि ओळी नुसत्या क्रमाने मोजल्या, तर तिच्याखालची सगळी उत्तरं शेजारच्या घराच्या नावावर जातात. ही चूक सर्वांत घातक, कारण प्रत्येक खूण नीट वाचलेली असते आणि तरी माहिती खोटी असते.

आता एक चौकट जवळून पाहू. समजा, ती साठ बाय साठ ठिपक्यांची आहे. चारी बाजूंनी सहा-सहा ठिपके कापून टाकले, की छापील रेघ आत येत नाही. उरतात ४८ बाय ४८, म्हणजे २३०४ ठिपके. त्यात शाईचे दहा-पंधराच असतील तर चौकट रिकामी धरायची, ते कागदावरचे डाग असतात. दोनशेच्या आसपास असतील तर खूण आहे. पण ती कोणती? शाईची संख्या हे सांगू शकत नाही, कारण दोन्ही खुणांना जवळपास सारखीच शाई लागते. फरक आहे तो शाईच्या जागेत. खुणेभोवती घट्ट चौकोन आखून त्याचे चार भाग केले, तर फुलीची शाई चारही भागांत साधारण सारखी पडते: ५४, ५०, ४९, ४७. बरोबरची खूण डावीकडून खाली उतरते आणि उजवीकडे वर जाते. तिचा वरचा डावा भाग जवळजवळ कोराच राहतो आणि सर्वांत जास्त शाई खालच्या डाव्या भागात सापडते. त्या कोऱ्या भागावरून बहुतेक खुणा ओळखता येतात.

उरतात त्या खऱ्या त्रासाच्या. कुणी घाईत नुसती तिरकी रेघ मारलेली असते, कुणाची खूण शेजारच्या चौकटीत घुसते, कुणी आधीची खूण गिरवून वर फुली केलेली असते, कुणी ‘वरीलप्रमाणे’ म्हणून खालपर्यंत उभी रेघ ओढलेली असते. अशा चौकटीला जबरदस्तीने होय-नाहीत बसवू नये. ‘शंकास्पद’ असा वेगळा शेरा देऊन ती माणसापुढे ठेवावी.

रिकाम्या चौकटीचंही तसंच. समजा, नळाच्या रकान्यात पंधरा होय, सहा नाही आणि चार कोऱ्या आहेत. कोऱ्यांना ‘नाही’ धरलं तर साठ टक्के घरांत नळ आहे. फक्त उत्तर मिळालेली घरं धरली, तर तेच प्रमाण एकाहत्तर टक्के होतं. घर बंद होतं की नळ नव्हता, हे कागद सांगत नाही, म्हणून ‘माहिती नाही’ हा तिसरा निकाल ठेवावाच लागतो.

फुलीचा अर्थही गृहीत धरता येत नाही. ब्रिटनमध्ये मतदार आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढे फुलीच करतो. आपल्याकडेही काही फॉर्मांवर ‘लागू असेल तिथे फुली करा’ असं छापलेलं असतं. कागदावर खुणांचा अर्थ लिहिला नसेल, तर तो पाहणी करणाऱ्याला विचारूनच ठरवावा.

शेवटी यंत्राचा निकाल पडताळायला पाच-दहा घरांच्या ओळी चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि मूळ फोटोशी चौकट न् चौकट ताडावी.

तक्ता छापणाऱ्यांना मात्र एक विनंती. माथ्यावर खुणांचा अर्थ छापा, ‘माहिती नाही’साठी गोल ठेवा, आणि रेघा काळ्या असतील तर भरणाऱ्यांना निळं पेन द्या. रंग वेगळा असला की रेघेवर चढलेली खूणही वेगळी काढता येते.