सदिशांची शीर्ष-पुच्छ बेरीज व घटकांची कसोटी

नवापूर रेल्वेस्थानकातून महाराष्ट्र-गुजरात सीमा जाते. तेथून प्रथम पूर्वेस ६ किमी, नंतर पूर्वेपासून उत्तरेकडे ६०° वळून ४ किमी असे विस्थापन कल्पावे. १ किमीस १ सेंमी या प्रमाणाने पहिला सदिश काढून त्याच्या शीर्षावर दुसऱ्याचे पुच्छ ठेवावे. आरंभबिंदूपासून अंतिम शीर्षापर्यंतची रेषा सुमारे ८.७ सेंमी भरते. घटकांनी पाहता पूर्वेस ६ + २ = ८ व उत्तरेस ३.४६; म्हणून परिमाण ८.७२ किमी, दिशा पूर्वेपासून २३.४° उत्तरेकडे.

कोन मात्र पहिली रेषा पुढे वाढवून तिच्यापासून मोजावा. मागे वळलेल्या बाजूपासून ६०° घेतल्यास आकृती तितकीच सुबक दिसते, पण परिणामी सदिश ५.३ सेंमीच भरतो. पूर्वेचा घटक ८ ऐवजी ४ आढळतो, आणि चूक तेथेच उघडी पडते.